बोहनीचा मटार

बाजाराची थैली पूर्वी कालिंदीच्या खांद्यावर असायची. धाकटी जाऊ शरदिनी काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरात आली आणि वर्षभरात सासूबाईंनी थैली तिच्या हाती दिली. तेव्हापासून कालिंदीच्या पोटात दुखत होतं. शरदिनी बाजारातून हसत आली की हिला जेवण गोड लागेना.

एकदा ती चोरपावलांनी जावेच्या मागे ब्रह्मा घाटावर गेली. शरदिनीनं दोन टोपल्यांपाशी भाव विचारला, मग रमदेई नावाच्या कुंजडिनीपुढे, म्हणजे भाजीवालीपुढे, बसून मटाराची एक शेंग सोलली. दाणे भरलेले होते.

"छह पैसे शेर, बहूजी."

"कल तो पाँच था, अम्मा."

"कोहरे में नाव देर से आई. माल कम है."

शरदिनीनं मान डोलावली आणि सहा पैसे दिले. फक्त उठताना म्हणाली, "अम्मा, घलुआ?" रमदेईनं तोललेल्या मालावर मूठभर शेंगा वरून टाकल्या.

एवढंच? ही कसली घासाघीस! कालिंदीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

दुसऱ्या दिवशी रमदेईनं टोपली उघडली न उघडली तोच कालिंदी पुढे हजर. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवू नये, हे साऱ्या काशीला ठाऊक.

"छह पैसे."

"तीन. नाही तर चालले. बोहनी बिघडेल तुझी."

रमदेईनं शेरभर तोललं, तीन पैसे कपाळाला लावले. घलुआ मात्र टाकला नाही.

"तीन पैशांत?" सासूबाई अन्नपूर्णाबाई हरखल्या. "आणि ही धाकटी सहा मोजते!" थैली त्याच दिवशी कालिंदीकडे परत आली. शरदिनी एवढंच म्हणाली, "जाऊबाई, सहा वाजवी होते हो." जळतेय मेली, कालिंदीला वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती ऐटीत घाटावर गेली. रमदेईनं तिला येताना पाहिलं.

"बारह पैसे, बहूजी."

कालिंदी शेजारच्या टोपलीकडे वळली. तिथंही बारा. त्याच्या पलीकडेही बारा. अर्धा भाव पाडणारी बहू साऱ्या रांगेला कळली होती. रुसून, पाठ फिरवून, पुन्हा येऊन तिनं घसा कोरडा केला, तेव्हा भाव कसाबसा सहावर आला. यातला खरा भाव कुठला, हे आता तिला कधीच कळणार नव्हतं.

तेवढ्यात शरदिनी गंगेवरून ओलेत्यानं वर आली. हातात तांब्या होता, घ्यायचं काहीच नव्हतं.

"बहूजी!" रमदेईनं हाक मारली. "दो दिन से नहीं आईं?" आणि न विचारता तिच्या पदरात मूठभर शेंगा टाकल्या.

कालिंदीनं खांद्यावरची थैली घट्ट धरली. ती तिचीच होती. आणि तिला ती मूठ हवी होती.