आबानअखेर

तेहरानहून आलेल्या फारसी दरपत्रकाचं इंग्रजी करून केशोरावांनी कागद चुन्नीलालशेठपुढे ठेवला. गोंदियात फारसी वाचणारे तेवढे तेच. निजामाच्या मुलखातल्या शाळेत शिकले, तिथल्या तहसिलीत राबले, आणि निजामशाही गेल्यावर या लाखेच्या कारखान्यात लागले. पगार बेताचा, पण आवारात एक खोली मिळाली होती. त्याच खोलीत गेल्या साली त्यांची बायको सुशिलाबाई वारली.

लाखेच्या चपड्याला सोनेरी रंग यावा म्हणून त्यात हरताळ हे पिवळं खनिज वाटून घालतात. ती इराणातून मागवायची होती. खरेदीचं ठरवणारा भागीदार कलकत्त्याला, आणि त्याला इंग्रजीच लागे.

शेठने कागद मोठ्याने वाचला. दर टनाला इतके पौंड, माल खुर्रमशहरला जहाजात चढवून. चौथाई रक्कम सौद्याबरोबर, बाकी बँकेमार्फत, जहाजाचे कागद पुढे आल्यावर. दर कायम आबान महिनाअखेर, म्हणजे पाच ऑक्टोबरपर्यंत.

"पाच?" शेठ थांबला. "आज अठरा हाय ना! मुदत तर खतम! हा इराणी मजाक करून राहिला का?"

"पत्र मेहर महिन्यातलं हाय, शेठजी. ऑगस्टचं. डाकेनं वेळ लावला असंल."

"डाकेले काय बोलायचं! छोटेलाल, कलकत्त्याले लिहा, इराणचा सौदा गेला. मुंबईवाल्याची महाग हरताळ घ्या म्हणा. अन् हा कागद सोबत जोडा. आजच्या मेलनं गेलं पाहिजे."

छोटेलाल मुनीम पाकीट बांधून स्टेशनकडे निघाला. केशोराव मूळ पत्र फाइलला लावायला बसले. रिकामं पाकीट टाकून द्यावं म्हणून त्यांनी उचललं आणि त्यांचा हात तसाच राहिला.

तिकिटावर तेहरानच्या पोस्टाचा शिक्का होता. तीन ऑक्टोबर.

ऑगस्टात लिहिलेलं पत्र ऑक्टोबरात टाकतो कोण? त्यांनी पुन्हा तारीख पाहिली. दहा मेहर, साल तेराशे तेहतीस. तहसिलीत चालायच्या त्या निजामाच्या कालगणनेत तेराशे त्रेसष्ट यायला हवं होतं. सकाळी त्यांनी ती इराणी कारकुनाची चूक समजून सोडून दिली होती. चूक कारकुनाची नव्हती. महिन्यांची नावं तीच, पण निजामाचा आबान पावसाळा सरता सरता संपे. इराणचं साल वेगळं, तर त्यांचे महिनेही वेगळ्या वेळी येत असणार. त्यांचा मेहर आत्ता चालू होता. आबान तर अजून लागायचाच होता.

म्हणजे दर अजून कायम होता, आणि सौदा गेल्याचं पत्र स्टेशनकडे निघालं होतं.

कोणाला कळणार होतं? पत्र वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. पाकीट चुलीत घातलं की झालं. आणि सांगितलं तर? शेठ म्हणेल, फारसीसाठीच तुम्हाला ठेवलं अन् तीच येत नाही. मग खोली सोडावी लागेल. चुलीमागच्या भिंतीवर सुशिलाबाईच्या हाताचा काळा डाग होता. रोज तवा उतरवून ती तिथे हात टेकायची. केशोरावांनी गेल्या दिवाळीला भिंत सारवली, पण तेवढा तुकडा सोडून.

त्यांनी पाकीट खिशात घातलं. खोलीच्या दारापर्यंत गेले. कुलपात किल्ली घातली. आतून तिचाच आवाज यावा तसं वाटलं, काऊन असे चोरासारखे येता जी?

ते परत फिरले.

पाकीट आणि पत्र शेठपुढे ठेवून त्यांनी आपली चूक सांगितली. शेठने शिक्का पाहिला, साल पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुम्ही निजामाचं क्यालेंडर लावलं इराणले?"

"हो जी."

"अन् मी सही केली! धावा, मेल यायची हाय!"

केशोराव या वयात धावले. गाडी फलाटाला लागली होती. छोटेलालने पाकीट डाकेच्या डब्याच्या खिडकीत धरलं होतं, आतल्या माणसाचा हात बाहेर आला होता.

"मुनीमजी, नका देऊ!"

"आँ? भूत लागलं का तुमाले?" म्हणत छोटेलालने हात मागे घेतला.

नवं इंग्रजी लिहिताना केशोरावांनी यावेळी तारीख घातली नाही. फारसीत होतं तसंच लिहिलं, आबानअखेर, साल इराणी तेराशे तेहतीस. खाली टीप दिली, इंग्रजी तारीख विकणाऱ्याकडून तारेने मागवली आहे, ती येईपर्यंत दर गेला असं धरू नये. तार शेठने त्याच संध्याकाळी करवली.

"जवाब उलटा आला," शेठ म्हणाला, "तर खोली खाली करा, केशोराव. मग मले काही सांगू नका."

पुढचे दिवस केशोराव तारेची वाट पाहत राहिले. सायकलची घंटी वाजली की तारवालाच आला असं वाटून ते दारात येत. सामान बांधावं म्हणून त्यांनी पेटी काढली, आणि त्या भिंतीसमोर बसून राहिले. डाग कसा बांधून नेणार?

तारवाला आला तेव्हा ते ऑफिसात होते. शेठने तार फोडली. वाचली. पुन्हा वाचली.

"एकवीस नोव्हेंबर," शेठ म्हणाला. "छोटेलाल, कलकत्त्याले तार करा, सौदा घ्या म्हणा." मग चष्म्यावरून पाहत, "केशोराव, निजाम कधीचा गेला. तुमचा महिना काऊन जाऊन नाही राहिला?"

छोटेलाल हसला. केशोरावांना हसू आलं नाही. ते घरी गेले, पेटी खाटेखाली सरकवली, आणि तव्याखालचा जाळ पेटवायच्या आधी भिंतीला हात टेकून जरा वेळ उभे राहिले.