पळवून लावायची चिंता

अकरा दिवस मी आमच्या बाईंशी धडधडीत खोटं बोलले, आणि तेही चेहऱ्यावरची रेषही न हलवता. बाई म्हणजे दातांच्या दवाखान्याखालच्या तळघरात जिम चालवतात त्या. एकेकाळच्या अडथळ्यांच्या शर्यतीतल्या धावपटू. वय पंचावन्न, पाठ अजून पट्टीसारखी सरळ, आणि आवाज असा की वर खुर्चीत आ करून बसलेला पेशंटही दचकावा.

त्यांची एक पद्धत आहे. आत आलं की आधी दारातल्या फळ्यावर तीन आकडे लिहायचे. काल रात्री झोप किती तास, सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच मोजलेली नाडी किती, आणि डोक्यावरचा ताण दहापैकी किती. ते वाचून बाई सांगणार, आज दणकून, आज मध्यम, की आज हलकं. त्यात घासाघीस चालत नाही.

मला घासाघीस करायची नव्हतीच. मी सरळ आकडेच खोटे लिहायला लागले.

त्याचं कारण माझ्या नोकरीत होतं. मी तातडीच्या मदतीचे फोन घेते. अपघात, छातीत कळ, गिळलेलं नाणं, सगळं आमच्या कानात येतं. कानाला हेडफोन, समोर तीन पडदे, आणि प्रश्न ठरलेले. पत्ता सांगा. पुन्हा सांगा. पेशंट शुद्धीवर आहे का? श्वास नीट चालू आहे का? पलीकडचा कितीही ओरडो, आपण उत्तरांवरून ठरवायचं, गाडी कुठली आणि किती घाईने. चौदा वर्षं मी हे करतेय आणि चांगलं करतेय, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

दोन महिन्यांपूर्वी एका फोनवर माझी वाचाच बसली. नऊ सेकंद. शेजारच्या सहकाऱ्याने फोन ओढून घेतला, गाडी वेळेत पोचली, पेशंट बरा होऊन घरी गेला. पण नऊ सेकंद ते नऊ सेकंद. साहेबांनी मला खुर्चीवरून उठवून जुन्या नोंदींच्या खोलीत बसवलं आणि परीक्षेची तारीख दिली. बारा खोटे फोन, परीक्षक ऐकणार. पास झाले तर खुर्ची परत. नाही तर नोंदींची खोली, निवृत्तीपर्यंत. तिथे फाइली आहेत, पंखा आहे, आणि कोणालाही माझी गरज नाही.

तेव्हापासून छातीत एक धडधड मुक्कामाला आली होती. व्यायामाने ती कमी होते हे मला अनुभवाने माहीत होतं. वर्षभर बाईंच्याच हाताखाली मी शांत झाले होते. मग मी माझं गणित मांडलं. थोड्या व्यायामाने थोडी चिंता जाते, तर भरपूर व्यायामाने सगळीच जाईल. बाईंचं गणित नेमकं उलटं. झोप नाही, नाडी चढलेली, डोकं भणभणतंय, अशा दिवशी त्या मला हलकं द्यायच्या आणि सायकलवर बसवायच्या, शेजारी आमच्या सासूबाई. हो, सासूबाईही येतात. बहात्तर वर्षं, पांढरे बूट, आणि चालण्याच्या पट्ट्यावर संथ चालता चालता अख्ख्या तळघराची खबर. सासूबाईंइतकाच व्यायाम करायचा म्हणजे मला अपमान वाटायचा.

म्हणून फळ्यावर झोप सात, नाडी चौसष्ट, ताण तीन. बाईंनी भुवई उंचावली, पण म्हणाल्या, "बरं. आज दणकून."

मग काय, सायकलवर तीस सेकंद जीव तोडून, एक मिनिट सावकाश, असे दहा फेरे. त्यावर वजनं, हात थरथरेपर्यंत. संपलं की अर्धा तास स्वर्ग. डोकं रिकामं, अंग हलकं. मी मनात म्हणायचे, बघा. पण रात्री अंथरुणावर पडलं की हृदय अजून सायकलवरच. तीनला जाग, मग छताकडे बघत सकाळ. उठून नाडी मोजावी तर शहात्तर. माझी नेहमीची चौसष्ट. दुपारी नोंदींच्या खोलीत डोळे मिटायचे, आणि संध्याकाळी पुन्हा धडधड. ती घालवायला पुन्हा दणकून. मुलीला कंपासपेटी सापडेना म्हणून मी इतकी ओरडले की ती रडलीही नाही, नुसती बघत राहिली. त्या बघण्याने मला आतून लाज वाटली.

घरी नवऱ्याने सरावाचा खोटा फोन केला. दुसऱ्याच प्रश्नाला माझा आवाज फाटला. परीक्षेला नऊ दिवस राहिले होते.

त्या संध्याकाळी मी फळ्यावर "झोप सात" लिहीत होते आणि मागून सासूबाई बूट बांधता बांधता अगदी सहज म्हणाल्या, "सात कुठली गं? तीनला फ्रिज उघडला, साडेतीनला बाल्कनीचं दार, चारला पुन्हा फ्रिज. मी म्हटलं, हिचा तिकडे काही धंदा आहे की काय."

तळघरात वजनं उचलणारे दोघंजण वजनं धरून तसेच थांबले. माझं पितळ उघडं पडलं ते असं, सगळ्यांदेखत.

बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खडू माझ्या हातातून घेतला, बाकावर बसल्या आणि मुठीचा फोन करून कानाला लावला. "हॅलो, मदत केंद्र का? घे की फोन, वाजतोय."

"बाई, काय हे."

"हॅलो. इथे एक पेशंट आहे. बाई आहे, बेचाळिशीची. म्हणते मी ठणठणीत आहे, मला पळू द्या."

मला हसू आलं, पण सवय ती सवय. तोंडातून प्रश्न निघालाच. "झोप किती झाली आहे?"

"चार तास," सासूबाईंनी परस्पर सांगून टाकलं. "अकरा दिवस असंच."

"नाडी?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून म्हटलं, "शहात्तर. नेहमी चौसष्ट."

"ताण?" आता बाईंनीच विचारलं.

"आठ. नऊ."

"आता सांगा मॅडम," बाई मुठीतच म्हणाल्या, "पेशंट ओरडून सांगतोय की मला काही झालेलं नाही. तुम्ही त्याचं ऐकता की उत्तरांचं?"

चौदा वर्षं मी लोकांच्या ओरडण्यापलीकडचं ऐकत आले होते, आणि स्वतःच्या बाबतीत नुसतं ओरडणंच ऐकत होते. मला एकदम रडू फुटलं. सासूबाईंनी त्यांचा नॅपकिन दिला. तो आधीच ओला होता.

"हे बघ," बाई मूठ सोडून म्हणाल्या, "दणकून व्यायाम हाही शरीराला ताणच. चांगला ताण, पण तो जिरवायला झोप लागते, ताकद लागते. तुझ्याकडे आज दोन्ही नाही. उरलीसुरली ताकदही तू इथे सांडून जातेस, आणि घरी जाऊन म्हणतेस चिंता वाढली."

"पण हलक्याने काय होणार?"

"चढ सायकलवर."

नियम असा पडला. वेग इतकाच की पूर्ण वाक्य न तुटता बोलता यावं. बोलायचं काय, तर माझेच प्रश्न. मी पाय मारत म्हणायला लागले, "पत्ता सांगा. पुन्हा सांगा. पेशंट शुद्धीवर आहे का?" शेजारच्या पट्ट्यावरून सासूबाई पत्ते पुरवायला लागल्या, दरवेळी त्यांच्या नावडत्या नातेवाइकांचे. वाक्य मध्येच तुटलं की बाई म्हणायच्या, "सैल सोड." दहापैकी चार इतकाच जोर. मग थोडी वजनं, पण अजून तीन-चार वेळा सहज उचलता येतील तिथेच थांबायचं. शेवटी पाच मिनिटं पाठीवर पडून, श्वास घ्यायचा त्याहून सावकाश सोडायचा. पंचवीस मिनिटांत मला घरी पिटाळलं. मला काहीच केल्यासारखं वाटलं नाही आणि मी तसं दोनदा सांगितलं. बाई म्हणाल्या, "आठवडाभर बघ, मग भांड."

पहिल्या रात्री काही चमत्कार झाला नाही. पाच तास झोप. तिसऱ्या रात्री साडेसहा. पाचव्या सकाळी नाडी सहासष्ट. त्याच दिवशी ऑफिसात एकाने माझ्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवलेली मला दिसली आणि माझं टाळकं सटकलं. फळ्यावर खरंखरं लिहिलं, झोप सात, नाडी सहासष्ट, ताण आठ. वाटलं, मिळालं हलकं. बाई म्हणाल्या, "हे वेगळं आहे. डोकं तापलंय, पण अंग ताजं आहे. मध्यमने सुरू कर, दहा मिनिटांनी बघू." दहा मिनिटांनी पाय उलट जास्तच मागत होते. बाईंनी चार जोरदार फेरे दिले, पाचवा मागितला तर दिला नाही. त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले. घरी फ्रिजला कोणी हात लावला नाही, याची सासूबाईंनी नोंद घेतली.

परीक्षेच्या सकाळी मात्र सगळं ओम फस्. झोप साडेचार तास. नाडी त्र्याहत्तर. तळघर उघडताच मी दारात हजर, एकटी. सासूबाई झोपलेल्या, बाई आत दिवे लावत होत्या. परीक्षा तीन तासांवर होती आणि मला धावून, घामाघूम होऊन ती धडधड कुठेतरी फेकून द्यायची होती. खडू हातात. सात, चौसष्ट, तीन. एवढं लिहिलं की झालं, मला कोणी अडवणार नव्हतं.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मग साडेचार, त्र्याहत्तर, नऊ लिहिलं. खूप वाईट वाटलं लिहिताना.

बाईंनी वाचलं. "वीस मिनिटं. अगदी हलकं. आणि धडधड जाणार नाहीये, एवढं लक्षात ठेव. तिला बरोबर घेऊनच जायचंय. पायात ताकद मात्र राहू दे."

सकाळच्या रिकाम्या तळघरात मी सायकल हाकत हळूहळू माझे प्रश्न म्हटले. धडधड खरोखरच गेली नाही. नऊची सात झाली असेल.

आठ फोन नीट गेले. नवव्या फोनवर परीक्षकांनी डाव टाकला. एक माणूस रडत होता आणि मग पलीकडे एकदम शांतता. छातीतला ढोल कानात वाजायला लागला. मी श्वास सोडला, सावकाश, पूर्ण. मग म्हटलं, "मी इथेच आहे. तुम्हाला माझा आवाज येतोय का? फक्त पत्ता सांगा." बारावा फोन संपला तेव्हा मी थकले होते, पण रिकामी झाले नव्हते.

परीक्षकांनी कागद चाळला. "नवव्या फोनवर तुम्ही चार सेकंद गप्प होतात. अडकलात का?"

"नाही," मी म्हटलं. "श्वास सोडत होते."

त्यांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी खिडकीकडे. मग परीक्षकांनी सही केली. मी स्वच्छतागृहात जाऊन पोटभर रडले, आनंदाने, आणि घरी फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "पास झालीस ना? मग आता जाऊन झोप."

सोमवारी मी खुर्चीवर बसले. पिशवीवाल्याने पिशवी आधीच उचलली होती. हेडफोन लावला, आणि दुसऱ्याच मिनिटाला दिवा पेटला. एका बाईचा घाबराघुबरा आवाज आला, "हॅलो, कोणी आहे का तिकडे?"

"आहे," मी म्हटलं. "मी आहे. पत्ता सांगा."