नफा न घेणारं दुकान

सानगडीतलं आमचं कापडाचं दुकान पार जळालं. विम्याचा सर्वेअर साकोलीच्या अकाउंटंटकडची बिलं घेऊन बसला, तेव्हा बाळाला मांडीवर थोपटत मी त्याच्या कॅल्क्युलेटरकडं बघत होते. मागच्या वर्षअखेरीचा शिल्लक माल चार लाखांचा, त्यानंतरची खरेदी सहा, विक्री आठ. विक्रीतून नेहमीचा पंचवीस टक्के नफा वगळला, की विकलेला माल सहा लाखांचा. म्हणजे जळालेला चार लाखांचा.

तेवढ्यात माझे सासरे, मामाजी, बोलले, "साहेब, आमी नफा घेतच नाही. खरेदीच्या भावात देतो."

सर्वेअर थांबला. "मग जळालेला माल दोनच लाखांचा निघतो."

दोन लाखांत दुकान परत कसं उभं राहणार? मी शेजारच्या मंदाबाईंना बोलावलं. त्या रोज आम्हाला लुटारू म्हणायच्या.

"मावशी, खरं ते सांगा."

पण जळकं दुकान बघून त्यांचे डोळे भरले. "देवमाणूस आहे जी. एक रुपया जास्त घेत नाही."

"हो ना," मी म्हटलं, "हे अंगावरचं लुगडं तुम्हाले सहाशेलेच देलं."

"सहाशे? आठशे मोजून घेतले या बुढ्यानं!"

सर्वेअरनं बिल शोधलं. खरेदी सहाशेची होती. तो पंचवीस टक्के लिहू लागला.

"आता पुढच्या लुगड्याले त सूट द्या," मंदाबाई म्हणाल्या.

"तुमाले खरेदीच्याच भावात देतो ना, बाई," मामाजी म्हणाले.

सर्वेअरचा पेन पुन्हा थांबला.