न विचारता दाबलेलं बटण

परदेशी पाहुण्याचं कार्ड लावलं की हॉटेलच्या काउंटरवरचं मशीन विचारायचं, बिल इथल्या चलनात की पाहुण्याच्या? रिसेप्शनिस्ट पाहुण्याला न विचारताच त्याचं चलन दाबायची. त्यात चलन बदलण्याचा दर चढा लागायचा आणि वरच्या पैशांत मालकाचा वाटा असायचा.

एका परदेशी आजींनी मायदेशी परतल्यावर पावतीवरचा दर पाहिला आणि आपल्या बँकेत तक्रार केली, "मला पर्याय दिलाच नव्हता." बँकेमार्फत हॉटेलकडे खुलासा मागितला गेला.

"विचारलं होतं, असं लिहून टाक," मालक रिसेप्शनिस्टला म्हणाला.

निघताना आजींनी तिचे किती आभार मानले होते! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं लिहिलं, "विचारलं नव्हतं. बटण मीच दाबलं."

आजींना फरकाचे पैसे मिळाले. ज्यांनी तक्रारच केली नाही, त्यांच्या आठवणीनं तिला अजून घास गोड लागत नाही.