कोणाचाच नसलेला खड्डा

लोटनची स्कूटर खड्ड्यात आदळली, पुढच्या चाकाची रिम वाकली आणि लोटनचं मनगट मोडलं. रिम दुरुस्त झाली, पण मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये. आता कळसाडीहून तालुक्याच्या गावी भाजी आणायची ती लेकीने, निशाने. तीच स्कूटर, तोच रस्ता. लोटनच्या बायकोचा, भाजी विकणाऱ्या शांतीबाईचा जीव त्यानेच धसकला होता.

निशाने नगरपालिकेला पत्र लिहिलं. खड्ड्याचे नि चाकाचे फोटो जोडले, दवाखान्याचा कागद जोडला. शांतीबाईने ते आवक खिडकीवर दिलं, दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला. पुढे काही हलेना. विचारायला गेली, तर लिपिक अजितने मान वरही केली नाही.

"मावशी, तो खड्डा आमना नई शे. रस्ता सार्वजनिक बांधकामना शे."

सार्वजनिक बांधकामवाले म्हणाले, शहराच्या हद्दीतला रस्ता नगरपालिकेचा. लेखी मात्र कोणीच देईना. बिचारा खड्डा अनाथ झाला, आणि आईबाप नसलेलं पोर वाढावं तसा वाढतच गेला.

शांतीबाई तोंडाळ खरी, पण त्या दिवशी न भांडता घरी आली. रात्रभर विचार केला आणि सकाळी भाजीच्या टोपल्या बाजारात न मांडता थेट खड्ड्याभोवती मांडल्या. मेथी, वांगी, मिरच्या आणि मधोमध खड्डा. गाड्या आपसूक वळसा घालू लागल्या. निशाही वळसा घालून सुखरूप आली.

पत्राला पाय फुटत नव्हते, टोपल्यांना मात्र दुपारच्या आत फुटले. नगरपालिकेच्या अतिक्रमण विभागाची गाडी खड्ड्यापाशी हजर, आणि त्यातून उमाकांत साहेब उतरले. बाजारात ते शांतीबाईला चांगलेच ओळखत होते. दर महिन्याला तिची टोपली उचलायचे. आज भांडण होणार म्हणून त्यांनी बाह्या सारल्या, तर ही हात जोडून उभी.

"मी उचलस ना, साहेब. फक्त माले नोटीस लिखी द्या. तोंडी सांगेल माले ध्यानमा ऱ्हास नई."

साहेबांना काय, गाडीत छापील नोटिसांचा गठ्ठा होताच. त्यांनी रिकाम्या जागी तिचं नाव, रस्त्याचं नाव भरलं, खाली झोकदार सही ठोकली. छापील मजकूर होता: 'नगरपालिकेच्या मालकीच्या सदर रस्त्यावर आपण अतिक्रमण केले आहे.'

शांतीबाईने टोपल्या उचलल्या, पण बाजारात गेली नाही. निशाकडून स्मरणपत्र लिहून घेतलं, नोटिशीची प्रत आणि जुनी पोच जोडली, आणि या खेपेला मुख्याधिकाऱ्यांच्या नावे दिलं. अजितने शिक्का मारता मारता नोटीस वाचली आणि पहिल्यांदाच मान वर केली.

"आते सांग भाऊ, कोना शे?"

तिसऱ्या दिवशी खडी, डांबर, रोलर, सगळं लवाजम्यासकट आलं. संध्याकाळी निशा त्या रस्त्यावरून सरळ आली, वळसा न घालता. शांतीबाईने उगाचच स्कूटरच्या चाकावर हात फिरवला आणि डोळे पुसले.

रात्री पलीकडच्या गल्लीतला रूपचंद दारात उभा राहिला. आधी लोटनच्या मनगटाची चौकशी झाली, मग जरा घुटमळला.

"शांतीअक्का, चार टोपल्या देशी का? आमना गल्लीमाबी एक खड्डा शे, कोनाच नई."