शुरांगचा हिवाळी मुक्काम

डिसेंबर मध्यावर आला की पिओहून काझाला जाणाऱ्या बसचं वेळापत्रक बदलायचं. रस्त्यावरचं गोठलेलं दव वितळल्याशिवाय गाडी पिओहून हलायची नाही, आणि चारनंतर शुरांग गावाच्या पुढे जायची नाही. उन्हाळ्यात शुरांगला नुसता हॉर्न देऊन निघून जाणारी बस हिवाळ्याचे तीन महिने यांगचेनच्या दारात रात्र काढायची.

यांगचेनचा नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. त्याने मागे ठेवलेला ढाबा आणि चार खोल्यांचं घर तिने एकटीने चालवलं होतं. मुक्कामाची बस घेऊन यायचा रिगझिन नेगी, मितभाषी, केस पिकलेला ड्रायव्हर. जेवण झालं की तो लोखंडी चुलीशी बसून बर्फात चाकांना घालायच्या साखळ्यांच्या कड्या तपासायचा, झिजलेली असेल तिथे तार गुंडाळायचा. ती समोर बसून लोकर कातायची. फारसं बोलणं व्हायचं नाही. पण मार्चमध्ये बस पुन्हा न थांबता जायला लागली की यांगचेनला संध्याकाळ मोठी वाटायची.

त्या दिवशी दुपारपासून डोंगरावरून ढग खाली उतरला होता. अंगणातली जर्दाळूची झाडंही दिसेनाशी झाली. साडेतीनला खालच्या वळणावरून साखळ्यांचा खळखळाट ऐकू यायला हवा होता. चार वाजले, सव्वाचार झाले. फोनला सिग्नल नव्हता. यांगचेनने थुक्प्याचं, म्हणजे शेवयांच्या सूपचं, भांडं चुलीवरून उतरवलं, नमकीन चहाचा थर्मास आणि टॉर्च घेतली, शेजारच्या ताशीला हाक मारली आणि दोघं दोर घेऊन डोंगराच्या बाजूने खाली निघाली.

दीड-एक किलोमीटर उतरल्यावर तिचा पाय थबकला. दरीकडचा अर्धा रस्ताच नव्हता. कठडा, त्याखालची भिंत, सगळं बर्फासकट खाली गेलं होतं. तिने टॉर्च खाली धरून बर्फ न्याहाळला. दोनदा, तीनदा. साखळीचे वळ कुठेच नव्हते.

"गाडी इथवर आलीच नाहीये," ताशी म्हणाला.

"दिसतंय मला," ती म्हणाली आणि डोंगराला धरून पुढे निघाली.

शे-दीडशे पावलांवर धुक्यात पिवळे दिवे लुकलुकताना दिसले. बस डोंगराला खेटून उभी होती. चाकांखाली दगड लावलेले, इंजिन चालू. आत चौदा माणसं आणि एक तान्हं मूल. सगळे रिगझिनवर तापलेले. कंडक्टर हुकमसिंग म्हणाला की पाऊण तास हेच चाललंय. गाव हाकेच्या अंतरावर, चाकांना साखळ्या चढवलेल्या, मग अडलंय कुठे? आणि हे ड्रायव्हरसाहेब एकच सांगतायत की तीस मीटरपुढचं दिसत नसेल तर गाडी उभी करायची, असा डेपोचा हुकूम आहे.

यांगचेनने पुढे काय झालंय ते सांगितलं. मुलाच्या आईने त्याला छातीशी घट्ट धरलं. जो सफरचंदांचा व्यापारी सगळ्यात जास्त ओरडत होता, तो उठला आणि रिगझिनच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

ताशी आणि हुकमसिंगने दोर धरला, आणि माणसं एकेक करून डोंगराच्या अंगाने गावाकडे निघाली. थुक्पा झाकून ठेवलाय, घरात जाऊन वाढून घ्या, असं यांगचेनने सांगितलं. ती स्वतः मात्र गेली नाही. रिगझिन गाडी सोडून जाणार नव्हता. इंजिन बंद झालं तर डिझेल गोठेल, असं म्हणाला.

ती त्याच्या मागच्या सीटवर बसली. थर्मासच्या झाकणात चहा ओतला. त्याने ते दोन्ही हातांनी धरलं, पण तोंडाला लावलं नाही.

"काय झालं?" तिने विचारलं.

"मी निघणारच होतो. सगळे म्हणत होते म्हणून गिअरही टाकला होता. मग वाटलं, तुम्ही दारात उभ्या असाल. उशिरा पोचलो तर रागवाल, एवढंच. न पोचण्यापेक्षा ते बरं."

"मी रागावलेच आहे," यांगचेन म्हणाली. तिने डोळे पुसले आणि त्याच्या गळ्याभोवतीचा मफलर नीट केला. "बर्फावर चाकांच्या खुणा शोधत होते, नेगीजी. आयुष्यात कधी काही नसण्याचा इतका आनंद झाला नव्हता."

त्याने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "मार्चअखेर मी रिटायर होतोय."

तिला हे माहीत नव्हतं. तिने थर्मास सीटवर ठेवला.

"पिओला भाड्याची खोली आहे माझी. तिथे कुणी नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडची कोपऱ्यातली खोली उन्हाळ्यात रिकामी असते ना?"

"उन्हाळ्यात ट्रेकिंगवाले येतात."

"अच्छा."

"त्यांना दुसऱ्या खोल्या देईन," ती म्हणाली. "पण आधीच सांगते, माझ्या घरात साखळ्या चुलीशी आणायच्या नाहीत. सगळीकडे ग्रीस लागतं."

रिगझिन हसला. इतक्या हिवाळ्यांत तिने त्याला पहिल्यांदाच असं मोकळं हसताना पाहिलं. पुढे इंजिन मंद घरघरत होतं, आणि उरलेला चहा दोघांनी एकाच झाकणातून आलटूनपालटून संपवला.