सात मिनिटांतले अकरा सेकंद

“आबा, माझ्याकडे नाही, भिंगाकडे बघा,” नात चौथ्यांदा म्हणाली आणि तिने मोबाइलच्या त्या बारीक काळ्या टिंबाशेजारी पिवळ्या कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर बाण काढला.

आजोबांनी आधी बाणाकडे पाहिलं, मग टिंबाकडे, आणि सवयीने पुन्हा तिच्याकडे. बोलायचं तर माणसाशी बोलावं. टिंबाशी काय बोलणार, कपाळ!

“साहेब, पंखा तरी लावा,” ते म्हणाले. नात हुकूम सोडायला लागली की ते तिला साहेब म्हणत.

“पंख्याचा आवाज येतो. आणि खिडकीही बंदच राहू दे, खालून गाड्यांचा येतो.”

तेव्हा घाम पुसत बसण्यापलीकडे इलाज नव्हता. खुर्ची खिडकीसमोर होती, म्हणजे उजेड तोंडावर यायचा. अंगातला बारीक रेघांचा सदरा तिने उतरवायला लावला होता, कारण पडद्यावर म्हणे रेघा थरथरतात. साध्या निळ्या सदऱ्याच्या बटणपट्टीवर डाळीएवढा माइक चिमटा लावून बसवला होता. मोबाइल तिकाटण्यावर आडवा, फोन येऊ नये म्हणून विमानवाल्या खुणेवर ठेवलेला. लग्नाच्या फोटोलासुद्धा एवढी सरबराई झाली नव्हती.

भिंगाच्या खाली पुठ्ठ्यावर चार ओळी होत्या. नमस्कार. नाव. लिफ्ट दुरुस्तीची अडतीस वर्षं. आणि शेवटी, शिकवण: संयम.

“घाई करू नका हं,” नात म्हणाली. “इंटरनेटवर लोकांना आजोबा बघायचेत, बातम्या नाही. चुकलात तर थांबा, श्वास घ्या, वाक्य पहिल्यापासून म्हणा. मधलं मी कापते. आणि शेवटचं बोलून झालं की तीन आकडे मनात मोजेपर्यंत हलायचं नाही.”

संयमाचा पाठ त्यांनी आठवडाभर घोटला होता. वेळ काय, भरपूर होता. सून दवाखान्यात दिवसपाळीला सकाळीच जायची, नऊला मुलगा, दहाला नात. जो शेवटी जाईल तो बाहेरून कुलूप लावून जायचा. आतून उघडायची सोय त्या कुलपाला नव्हती.

याला चार महिने झाले होते. एका सकाळी आजोबा फिरायला म्हणून खाली उतरले आणि एक वळण चुकले. मोबाइल घरीच. चार तासांनी मुलाला ते बसथांब्याच्या बाकावर सापडले, तेव्हा मुलाचा चेहरा पांढराफटक पडला होता.  दुसऱ्या दिवशी तो गेला आणि दारात किल्ली दोनदा फिरली. तुम्हाला कोंडतोय असं कुणी म्हणालं नाही, आणि मला कोंडू नका असं आजोबाही म्हणाले नाहीत. चूक आपली, कुठल्या तोंडाने बोलणार? पण त्या दोन खटक्यांनी त्यांचा जीव रोज नव्याने घुसमटायचा. जन्मभर दुसऱ्यांना बंद डब्यातून बाहेर काढलेला माणूस साडेपाच वाजेपर्यंत दाराकडे बघत बसायचा.

नातीने लाल ठिपक्यावर बोट ठेवलं आणि अंगठा दाखवला.

“नमस्कार,” आजोबा म्हणाले. नाव सांगितलं. आवाज सुरुवातीला चोरासारखा निघाला, मग स्थिरावला. “मी लिफ्टचा मिस्त्री. होतो. अडतीस वर्षं. माझ्या हाताला अजून ग्रीसचा वास येतो असं माझी नात म्हणते, पण ती काहीही म्हणते.”

नात तोंड दाबून हसली. आजोबांनी लगेच तिच्याकडे बघितलं, आणि पुन्हा बघितलं. तिने हाताने भिंग दाखवलं, मग स्वतःकडे बोट करून बाहेर जाते अशी खूण केली. ती समोर होती तोवर यांची नजर टिकणार नव्हती, हे खरंच होतं. ती चवड्यांवर चालत दारापर्यंत गेली.

“तर आयुष्याने मला एक गोष्ट शिकवली,” आजोबा टिंबाकडे बघत सावकाश म्हणाले, “ती म्हणजे संयम. संयम म्हणजे...”

दार लागलं. खट. आणि पुन्हा खट.

जिन्यात बसायला निघालेली पोर, चार पावलांवर. तिचा हात आपला सवयीने किल्लीकडे गेला होता.

आजोबांचे ओठ उघडेच राहिले. पुठ्ठ्यावर पुढची ओळ होती, ती दिसतही होती. पण संयम हा शब्द तोंडात फिरेना. आठवडाभर घोटलेलं ते सगळं त्यांना एकदम खोटं वाटलं. आपण दुसऱ्याला काय शिकवतोय, आणि कुठे बसून? त्यांनी गुडघ्यांवरचे हात उचलले, पुन्हा ठेवले. लाल ठिपका लुकलुकत होता.

“संयमाचं राहू द्या,” ते म्हणाले. “दुसरंच सांगतो.

“लिफ्ट अडकली की मिस्त्री आधी सगळ्यात वर जातो. तिथे यंत्राची खोली असते. पहिलं काम, मेन स्विच बंद करायचा आणि त्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं. किल्ली आपल्या खिशात. म्हणजे आपण काम करत असताना कुणी शहाणा वीज चालू करत नाही. मग ब्रेक थोडा थोडा सैल करायचा आणि चाक हाताने फिरवायचं, इंचाइंचाने. लिफ्ट मजल्याच्या बरोबरीला आली की खाली जाऊन खास चावीने दार उघडायचं. यात मी तरबेज होतो. गर्व होता मला.

“एकदा एका कचेरीत झाडलोट करणाऱ्या बाई अडकल्या. कचेरी सुटलेली, इमारत रिकामी. मी गेलो, वर चढलो, कामाला लागलो. ब्रेक गंजलेला होता. पन्नास मिनिटं लागली. दार उघडलं तर बाई कोपऱ्यात बसलेल्या, पदर तोंडात. मला वाटलं, आता आभार मानतील. त्या म्हणाल्या, तुम्ही वर होतात? मला वाटलं, सगळे मला आत विसरून घरी गेले.”

आजोबा थांबले. कपाळावरून घाम डोळ्यात उतरला, तो त्यांनी पुसला नाही.

“मी पन्नास मिनिटं त्यांच्यासाठीच राबत होतो हो. पण त्यांना कसं कळणार? एक हाक मारायला माझं काय जात होतं? त्या दिवसापासून मी आधी अडकलेल्या मजल्यावर जायचो. दाराला तोंड लावून सांगायचो, मी मिस्त्री, आलोय. दार ओढू नका, हवा आत येतेय, गुदमरणार नाही. वर काम करताना मधूनमधून खाली ओरडायचो, मी इथेच आहे! माझा मदतनीस हसायचा. हसू दे. माणूस आत अडकला ना, तर त्याला बाहेरच्याचा आवाज लागतो. एवढंच मला कळलंय, अडतीस वर्षांत.”

मग त्यांनी मनात तीन आकडे मोजले, एक, दोन, तीन, आणि हलले नाहीत.

नात किल्ली फिरवून आत आली. “झालं? कसं झालं?”

“पाणी दे,” आजोबा म्हणाले.

संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, कानांवर हेडफोन चढवून बसली. आजोबा पलीकडच्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून होते, वाचत नव्हते. तिने एक तुकडा ऐकला, मागे नेला, पुन्हा ऐकला, पुन्हा मागे नेला. तिसऱ्यांदा तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

तेवढ्यात मुलगा कामावरून आला. बूट काढता काढता म्हणाला, “झाला का सिनेमा? दाखव की.”

नातीने आवाज मोठा केला. मुलगा वडिलांच्या खुर्चीमागे उभा राहून बघू लागला. ग्रीसच्या वासावर तो मोकळेपणी हसला. मग संयम म्हणजे, आणि पडद्यावरचे आजोबा थबकले.

“इथे अडकलेत,” मुलगा म्हणाला. “हे काप. लोक पळतील अशाने.”

“सात मिनिटांतले अकरा सेकंद आहेत,” नात म्हणाली. “कापता येतात. पण मग आधी संयम आणि लगेच लिफ्ट, मध्ये काय झालं ते कुणाला कळणार नाही.”

“मध्ये काय झालं?”

तिने पडद्याच्या खालच्या पट्टीवर बोट ठेवलं. आवाजाची रेघ तिथे सपाट होती, फक्त सुरुवातीला दोन उंच काटे होते. तिने तेवढंच पुन्हा लावलं. छातीवरच्या त्या डाळीएवढ्या माइकने काही सोडलं नव्हतं. खट. खट.

“मी लावलं,” ती म्हणाली.  “नुसती जिन्यात बसले होते, बाबा. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.”

 उरलेला व्हिडिओ मुलाने उभ्यानेच पाहिला, शेवटच्या तीन आकड्यांसकट. पडद्यावरचे आजोबा समोर बघत बसलेले, आणि खोलीत कुणी कुणाकडे बघेना. आजोबांना वाटलं, हा आता काहीतरी बोलेल. रागावला तरी चालेल. पण मुलगा हात धुवायला गेला, आणि बेसिनचा नळ बराच वेळ वाहत राहिला.

“टाकू का हा, आबा?” नातीने हळूच विचारलं. “सगळ्यांसाठी नको, फक्त आपल्या ओळखीच्यांसाठी?”

“सगळ्यांसाठी टाक,” आजोबा म्हणाले. “आणि कापू नकोस.”

दुसऱ्या दिवशी नात पहाटेच कॉलेजच्या सहलीला गेली, सून पाळीवर. नऊ वाजता मुलाने डबा घेतला, पिशवी खांद्याला लावली आणि दारात जरा घुटमळला. आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला.

“येतो, बाबा.”

“ये.”

दार लागलं. आजोबांनी नेहमीसारखे डोळे मिटून घेतले. खटका झाला नाही. त्याऐवजी दाराला अगदी चिकटून, फटीतून आल्यासारखा, मुलाचा आवाज आला.

“बाबा, ऐकताय ना? मी कुलूप लावतोय. साडेपाचला येतो. दुपारी एकला फोन करतो, आणि तीनला पुन्हा. मी... मी आहे.”

आजोबा उठले. भिंतीला धरत दारापर्यंत गेले. लाकडाच्या पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. पोराने ऐकलं होतं, शब्दन्‌शब्द ऐकलं होतं. त्यांनी दारावर तळवा ठेवला.

“बरं केलंस सांगितलंस,” ते म्हणाले.

“हो, बाबा.”

किल्ली कुलपात शिरल्याचा बारीक आवाज झाला.

“पण एक सांगायचं राहिलं माझं,” आजोबा म्हणाले. चार महिन्यांत त्यांचा आवाज एवढा सरळ निघाला नव्हता. “हाका मारून मी कधी घरी गेलो नाही रे. दार उघडूनच गेलो.”

 किल्ली फिरली नाही, आणि जिना उतरणारी पावलंही वाजली नाहीत. आजोबा तळवा तसाच ठेवून उभे राहिले. नऊ वाजून दहा मिनिटं झाली, मग पंधरा. मुलाला कामावर उशीर होत होता, आणि दोघांपैकी कुणीही दारापासून हललं नव्हतं.